मैदान नाही, चेंडू तीन, मुलं चौसष्ट: सहावीचा पीटीचा तास कसा घ्यायचा?

अबोली
नमस्कार मंडळी. मी पेठेतल्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. यंदा पीटीचे सर सोडून गेले आणि सहावी ब चा पीटीचा तास माझ्याकडे आला, आठवड्यातून दोनदा, ३५ मिनिटांचा. वर्गात ६४ मुलं. शाळेला मैदान नाही. इमारतीखाली पार्किंग आहे, तिथेच तास होतो. मी टेपने मोजलं, शिक्षकांच्या गाड्या एका कडेला लावल्या तर मोकळी जागा ४५ फूट बाय ३० फूट उरते, मधे दोन खांब. सामानाच्या कपाटात तीन चेंडू निघाले, दोन व्हॉलीबॉल, त्यातला एक हवा धरत नाही, आणि एक फुटबॉल. बाकी दोऱ्या, थोड्या रिंगा, एक फाटकं नेट.

सध्या मी दोन रांगा करते, समोरासमोर, चेंडू फेकायचा आणि रांगेच्या शेवटी जायचं. परवा एका मुलीने विचारलं, बाई माझा नंबर परत कधी येणार? मी त्या दिवशी नीट लक्ष ठेवलं तर तिने पूर्ण तासात सहा वेळा चेंडू फेकला. बाकी वेळ ती रांगेत उभी. मागची मुलं ढकलाढकली करतात, मी ओरडते, वरच्या वर्गाच्या बाई जिन्यातून बघतात. पीटी माझा विषय नाही पण तास माझा आहे, आणि मुलं आठवडाभर याची वाट बघतात. फेकणं आणि झेलणं एवढी एकच गोष्ट या जागेत नीट शिकवायची असेल तर तास कसा आखायचा?

निनाद
ताई, चेंडू कशाला हवाय मुळात? आपले देशी खेळ घ्या. खो-खो बेस्ट आहे, शून्य खर्च, आणि पुण्याचाच खेळ म्हणायला हरकत नाही, नियम बांधायचं काम डेक्कन जिमखान्यावरच झालं होतं. आठ जण बसतात, एक पळतो, त्यात तीन पळणारे, म्हणजे एका वेळी १२ मुलं गुंतली. पार्किंगमधे छोटा कोर्ट आखा, झालं. लंगडी पण घ्या. सूर्यनमस्कार घ्या, त्याला तर हातभरच जागा लागते.

कोथरूडकर
आरटीई कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान असायलाच हवं असं स्पष्ट लिहिलंय, २००९ चा कायदा आहे. पालकांनी मिळून संस्थेला लेखी विचारलं पाहिजे. असं पार्किंगमधे मुलांना उभं करून तास साजरा करणं म्हणजे शाळेला मोकळं सोडणं आहे. अर्ज कसा लिहायचा ते मी सांगतो, माझ्या मुलाच्या शाळेत लॅबसाठी आम्ही हेच केलं होतं.

अबोली
@कोथरूडकर दादा तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि तो अर्ज पालकांनी करावा असं मलाही वाटतं. पण पेठेत मैदान आणणार कुठून, आणि माझा पुढचा तास गुरुवारी ११:२० ला आहे. मला त्या तासाचं सांगा.

@निनाद खो-खो करून बघितला पहिल्याच आठवड्यात. १२ खेळले आणि ५२ बसून राहिले, पुन्हा तेच. आणि एक मुलगा खांबावर आदळता आदळता वाचला.

जुना पीटीवाला
अबोलीताई, मी तीस वर्षं पीटी शिकवून निवृत्त झालो, त्यातली अकरा वर्षं अशाच शाळेत जिथे मैदानाच्या नावाखाली एक फरसबंद चौक होता. सविस्तर लिहितो, घाई करू नका.

आधी निनादरावांचं. लंगडी आणि सूर्यनमस्कार या जागेत चालतात, शंभर टक्के. पण खो-खो गुळगुळीत फरशीवर, खांबांच्या मधे, ६४ मुलांच्या वर्गात, नको. त्या खेळाचा जीव पळता पळता एकदम वळण्यात आहे, आणि फरशीवर बूट तिथेच सटकतो. मातीत पडलं तर गुडघा खरचटतो, इथे मनगट मोडतं. मी एकदा पाहिलंय, दुसऱ्यांदा पाहायची इच्छा नाही.

आता तुमचा प्रश्न. तुम्ही त्या मुलीचे सहा फेक मोजलेत ना, तिथेच तुमच्या तासाची किल्ली आहे. हिशोब करा. खाली येणं, बूट, हजेरी, परत जाणं जाऊन तुमच्या हातात २४ मिनिटं उरतात असं धरू. दोन चेंडू, एका फेकीला सहा सेकंद, म्हणजे तासात ४८० फेकी. भागिले ६४, साडेसात. म्हणजे तुम्ही कितीही चांगलं शिकवलं तरी एका मुलाच्या वाट्याला सातच. सात फेकीत कोणाचा हात बसत नाही. यात शिस्तीचा दोष नाही, मुलं ढकलाढकली करतात कारण त्यांच्याकडे दुसरं काम नाही.

म्हणजे चेंडू वाढवायचे. विकत नाही, करायचे. चिंध्यांचा चेंडू. लक्ष्मी रोडला कुठल्याही शिंप्याकडे कटपीसची पिशवी मागा, खुशीने देतात. मुलांना घरून एक जुना सुती मोजा आणायला सांगा. मोज्यात चिंध्या दाबून भरायच्या, अगदी ठासून, मग वरचं तोंड पिळायचं आणि उरलेला मोजा उलटा करून त्याच गोळ्यावर चढवायचा, परत पिळायचं, परत चढवायचा, शेवटी दाभणाने सुतळीचे चार टाके. वरून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या आडव्या कापलेल्या चकत्या चढवा, सात आठ, वेगवेगळ्या दिशांनी. सायकलवाला ट्यूब फुकट देतो. त्या रबराने पकड येते आणि चेंडू महिनोन्‌महिने सुटत नाही.

वजन बघा. मध्यम मोसंबीपेक्षा थोडा हलका लागला पाहिजे, शंभर सव्वाशे ग्रॅम. नुसता कागद भरला तर चेंडू हवेत भरकटतो आणि मुलाला झेल कळतच नाही. तपासायचं असं, भिंतीवर मारा, भिंतीच्या पायथ्याशी हातभर अंतरात पडला की बरोबर. आत खडा, वाळू, काहीही जड घालायचं नाही, तोंडावर बसतो कुणाच्या तरी.

आणि हा चेंडू उसळत नाही, घरंगळत नाही, हेच तुमच्या पार्किंगमधे फायद्याचं. गाड्यांखाली जात नाही, काच फुटत नाही, वर आवाज जात नाही. खरा चेंडू सुटला की त्याच्यामागे धावण्यात तुमचा अर्धा वेळ जातो.

जागेची आखणी रात्री लिहितो, नातीला आणायला जायचंय.

सायलीची आई
चांगला धागा. माझी मुलगी पाचवीत आहे, तिला चेंडू अंगावर आला की ती डोळे मिटते आणि मान फिरवते, सर म्हणतात हिला खेळात रस नाही. ती घरी मात्र भरपूर धावते. आम्ही तिला बॅडमिंटन क्लासला घालावं का? सिंहगड रोडला कोणी सुचवाल का?

धायरीची मास्तरीण
@सायलीची आई क्लासचं माहीत नाही पण रस नाही हे पटत नाही. आमच्याकडे अशी मुलं दरवर्षी असतात. मान फिरवणं म्हणजे भीती, आधी कधीतरी कडक चेंडू लागलेला असतो. आम्ही त्यांना फुग्यापासून सुरुवात करून देतो, मग रुमालाची गाठ, मग चेंडू. घरी रोज पाच मिनिटं मोज्याचा गोळा टाका तिच्याकडे, खालून, पोटाच्या उंचीवर, आणि टाकायच्या आधी तिचं नाव घ्या.

@अबोली आमच्याकडे जिल्हा परिषदेची शाळा, मैदान आहे पण चेंडू नाहीत, तुमच्या उलट. चिंध्यांचे चेंडू आम्ही करतो. एक सूचना, पावसाळ्यात ते ओले झाले की कुबट वास येतो, मुलं नाक मुरडतात. कांद्याच्या जाळीच्या पिशवीत भरून टांगून ठेवा, वारा लागतो.

जुना पीटीवाला
आलो. जाळीच्या पिशवीची सूचना उत्तम आहे.

आता आखणी. तुमची जागा ४५ बाय ३०. ४५ च्या बाजूने पाच पाच फुटांचे पट्टे पाडा, नऊ होतात, पण खांब ज्या पट्ट्यात येतात ते मोडा आणि रेषा सरकवून आठ घ्या. प्रत्येक पट्टा ३० फूट लांब, त्याचे मधोमध दोन भाग, म्हणजे १६ चौकोन. ६४ मुलं भागिले १६, चार चार. प्रत्येक चौकडीला एक चौकोन आणि एक चेंडू. म्हणजे सोळा चेंडू, वर चार राखीव.

चौघांपैकी दोघं समोरासमोर, नऊ फुटांवर. उरलेले दोघं त्यांच्या पाठीमागे, एक एकाच्या मागे. मागच्याचं काम दोन, सुटलेला चेंडू अडवायचा आणि पुढच्याने किती झेल घेतले ते मनात मोजायचं. मनात, मोठ्याने नाही, नाहीतर बत्तीस जण आकडे ओरडतील. दीड मिनिटाने पुढचे मागे, मागचे पुढे. फेकीची दिशा सगळ्यांची एकच, ३० फुटांच्या बाजूने, आडवी कोणीही टाकणार नाही. हा नियम मोडला की तास थांबवायचा.

हिशोब परत करा. दीड मिनिटात जोडीच्या तीस फेकी होतात, एकाच्या पंधरा. १२ मिनिटांत प्रत्येकाला चार पाळ्या, म्हणजे साठ. चेंडू सुटतात, हसतात, रबर निघतं, म्हणून चाळीस धरा. सातावरून चाळीस.

रेषा दर वेळी खडूने काढत बसू नका, त्यात पाच मिनिटं जातात. एकदाच ऑइलपेंटचे ठिपके द्या, चौकोनाचे चार कोपरे आणि उभं राहायच्या दोन जागा. पाऊल कसं ठेवायचं त्याचाही ठिपका, उजव्या हाताने फेकणाऱ्याचा डावा पाय पुढे, डावखुऱ्यांना उलटं सांगा. सहावीत निम्मी मुलं ज्या हाताने फेकतात तोच पाय पुढे टाकतात, त्यामुळे फेक नुसती दंडातून येते. झेलणाऱ्याला एवढंच सांगा, हात आधी पुढे, कोपर सैल, चेंडू आला की पोटाकडे ओढ. कोपर ताठ ठेवलं की चेंडू तळव्यावर आपटून बाहेर पडतो, तो आवाजच वेगळा येतो, फट्ट असा. पाठ करून उभे असलात तरी त्या आवाजावरून कळेल कोणत्या चौकोनात चुकतंय.

हजेरीही जिन्यात रांग लावून घेऊ नका. चौकडी कायमची ठेवा, चौथा नाही आला तर बाकीचे हात वर करतात, दहा सेकंदांत कळतं. शिट्टी नको, वर वर्ग चालू आहेत. तुम्ही हात वर केला की ज्याला दिसेल तो चेंडू पोटाशी धरतो आणि स्वतःचा हात वर करतो. दोन आठवडे सवय लागायला जातात, मग पाच सेकंदांत पार्किंग शांत.

मर्यादाही सांगतो. नऊ फुटांवर जोराची फेक शिकवता येत नाही, प्रयत्नही करू नका. ती वेगळ्या तासाला, पूर्ण ३० फुटांचा पट्टा मोकळा ठेवून, एका वेळी आठच मुलं, एका बाजूने समोरच्या भिंतीवर, सगळ्यांनी एकदम फेकायचं आणि सगळ्यांनी एकदम आणायचं. त्यात मुलं जास्त वेळ थांबतात, त्याला इलाज नाही. थांबलेल्यांना भिंतीपाशी एका पायावर तोल, जागच्या जागी लंगडी, असं काही द्या.

तीन खऱ्या चेंडूंना पहिले तीन आठवडे कपाटातच राहू द्या.

निनाद
सर शेवटचं नाही पटलं. मुलांना खरा चेंडू बघूनच उत्साह येतो. मोज्याचा गोळा दिला तर सहावीतली पोरं म्हणतील हे बालवाडीचं आहे. मी स्वतः सहावीत असतो तर हेच म्हटलं असतं. आणि टप्पा कसा शिकवणार? चिंध्यांचा चेंडू उसळत नाही म्हणजे बास्केटबॉल, हँडबॉल सगळंच बाद.

जुना पीटीवाला
निनादराव टप्प्याचं तुमचं बरोबर आहे, तो चिंध्यांच्या चेंडूने शिकवताच येत नाही. म्हणून चौथ्या आठवड्यापासून हवा धरणारे दोन खरे चेंडू एकाच पट्ट्यात द्यायचे, त्या पट्ट्यात टप्पा, बाकी पट्ट्यांत झेल, आणि दर पाळीला पट्टा बदलत जायचं. बालवाडीचं म्हणतील हेही खरं आहे, पहिल्या दिवशी म्हणतात. चेंडू त्यांनी स्वतः केलेला असला की कमी म्हणतात. तरी काही मुलं रुसतात, त्यावर माझ्याकडे रामबाण नाही.

कोथरूडकर
एक प्रश्न. सणस मैदान पेठेपासून चालत जाण्यासारखं आहे की. तिथे का नेत नाही?

अबोली
दादा, विचारलं होतं ऑफिसमधे. जायला पंधरा मिनिटं, यायला पंधरा, तास ३५ मिनिटांचा. दोन तास जोडून घेतले तर दुसऱ्या विषयाचे शिक्षक नाही म्हणतात, आणि ६४ मुलं घेऊन बाजीराव रस्ता ओलांडायला माझ्यासोबत अजून एक शिक्षक हवा. महिन्यातून एकदा तरी जमवावं असं माझ्या मनात आहे. जागा मिळते का त्याचंही विचारावं लागेल. ते अजून अधांतरीच आहे.

सर, तुमचं सगळं वहीत उतरवून घेतलंय. मोजे आणायला सांगितले आज.

अबोली (दहा दिवसांनी)
मंडळी, तीन तास झाले नव्या पद्धतीने. जसं झालं तसं लिहिते.

चेंडू २१ झाले. वर्गात कार्यानुभवाच्या तासाला केले. पिळून परत चढवणं मुलांना पटकन जमलं, दाभण मात्र मी माझ्याच हातात ठेवलं. पहिल्या तासाला सगळा गोंधळ. माझी मोठी चूक म्हणजे खांबाच्या बाजूचा चौकोन मी सोडला नाही, तिथे मागे उभा असलेला मुलगा चेंडू अडवायला सरकला आणि त्याचा खांदा खांबाला लागला. फार नाही लागलं पण मी घाबरले. दुसऱ्या दिवशी दोन्ही खांबांना छातीइतक्या उंचीपर्यंत गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधलं आणि रेषा दोन फूट सरकवल्या. आठ पट्टे बसेनात, सात झाले. म्हणजे चौदा चौकोन, आठ चौकोनांत पाच पाच मुलं. पाचवा मुलगा बसून निरीक्षण करतो, पाळीपाळीने.

मोजणारे मनात मोजत नाहीत. मोठ्यानेच मोजतात. मी बोटांवर मोजायला सांगितलं, दहा झाले की मूठ वर. हे चाललं.

दुसऱ्या तासाला फट्ट आवाज मला खरंच ऐकू आला. डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनातून. जाऊन बघितलं तर एक मुलगा हात ताठ, डोळे मिटलेले. त्याला फक्त कोपर सैल सांगितलं, तरी डोळे मिटतच होता. मग धायरीच्या ताईंनी लिहिलंय तसं त्याच्या जोडीदाराला सांगितलं, टाकायच्या आधी त्याचं नाव घे आणि खालून टाक. सहा सात फेकींनंतर त्याने डोळे उघडे ठेवून एक झेल घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मला तो चेहरा घरी गेल्यावरही दिसत होता.

आणि ती मुलगी, नंबर कधी येणार विचारणारी. काल तिची फक्त तिचीच मोजणी केली. ३४ फेकी. चाळीस नाही झाल्या, पाच जणांच्या चौकोनात होती आणि अधेमधे रबराची चकती निघाली म्हणून थांबली.

न सुटलेलं. निनाद म्हणाले तसं पाच सहा मुलगे फुटबॉल द्या म्हणून मागे लागलेत, आणि एकाने मोज्याचा चेंडू मुद्दाम फाडला. आवाज कमी झालाय पण वरच्या बाईंची तक्रार पूर्ण गेलेली नाही. आणि सहामाहीला खेळाचे गुण द्यायचेत, ते झेलांच्या आकड्यावर द्यावेत की कशावर, मला ठरवता येत नाही.

धायरीची मास्तरीण
आकड्यावर नका देऊ ताई, जो आधीच गल्लीत क्रिकेट खेळतो तो पहिल्या दिवशीच वीस झेल घेतो. आम्ही पहिल्या आठवड्याचा आणि आठव्या आठवड्याचा आकडा शेजारी लिहितो आणि फरक बघतो. पण त्यातही ज्याचे आधीच छान आहेत त्याचा फरक दिसत नाही, त्याचे पालक भांडायला येतात. तुमच्याकडे काय चालेल सांगता येत नाही.

जुना पीटीवाला
पाऊल आणि कोपर यांना गुण द्या, झेलाला नाही. चौकडीतल्या मागच्यालाच विचारा, याचा पाय बरोबर पडतो का. मुलं खरं सांगतात. धायरीच्या बाईंशी मी यात थोडा असहमत आहे, पण त्यांचंही एक म्हणणं आहे.

फाडणाऱ्याला चेंडू दुरुस्त करायच्या कामावर घ्या, चकत्या कापायला द्या, कात्री गोल टोकाची. पुढच्या तासाला पट्टे मोजताना खांबापासून दोन्ही बाजूंना तीन फूट सोडा, दोन कमी आहेत.

सायलीची आई
धायरीच्या ताई, मोज्याचा गोळा केला काल. सायली अजून मान फिरवते पण डोळे उघडे होते दोनदा. क्लासचा विचार सध्या बाजूला ठेवलाय. मोज्याऐवजी जुन्या लेगिंगचा पाय चालेल का? मोजे संपले.

अबोली
@सायलीची आई चालतो, आमच्यातले चार तसेच आहेत, फक्त ते ताणले जातात म्हणून चिंध्या जास्त ठासाव्या लागतात. सर, तीन फूट सोडले तर सहाच पट्टे बसतात, म्हणजे बारा चौकोन. मग एका चौकोनात पाच की सहा, की चार मुलांना दर वेळी चेंडू दुरुस्तीला बसवू?